टेम्पो तोट्यात विकला : ‘संचित घसारा’, ‘घसारा निधी’ की ‘निर्लेखन’?

टॉवेलवाली : अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये मी हिशोब बघते. आमचा टेम्पो 1 एप्रिल 2019 ला 6,00,000 रुपयांना घेतला होता. दरवर्षी मूळ किमतीच्या 10 टक्के, म्हणजे 60,000 घसारा धरतो. 30 सप्टेंबर 2024 ला तो 2,20,000 ला गेला. नोंदीत ‘संचित घसारा खाते नावे’ आलंय, त्यावर मालक विचारतात, ‘घसारा तर दरवर्षी नावे पडला, आता परत कशाला?’ शिवाय जुन्या वह्यांत याच खात्याला ‘घसारा निधी’ म्हटलंय. वर्षअखेरचं टिपण मराठीत द्यायचंय. कुठला शब्द लिहू? आणि टेम्पो ‘निर्लेखित केला’ म्हणू का?

नवी पेठ : निधी हाय म्हणजे पैसे बाजूला ठेवले असतील की ओ. त्यातूनच नवा टेम्पो घ्या ना!

कीर्दमास्तर : नेमकं याच गैरसमजामुळे ‘घसारा निधी’ लिहू नये असं माझं ठाम मत आहे. त्या खात्यामागे बँकेत एक रुपयाही नसतो. ‘संचित घसारा’ म्हणजे आजवर धरलेल्या घसाऱ्याची नुसती बेरीज.

मालकांचा प्रश्न मात्र रास्त आहे. दरवर्षी दोन खाती हलतात. घसारा खाते नावे पडतं, तो त्या वर्षाचा खर्च होऊन नफा-तोट्यात जातो. समोर संचित घसारा खाते जमा होतं आणि ती जमा साठत राहते. म्हणजे मालक म्हणतात ते खातं वेगळं आणि हे वेगळं. टेम्पो गेल्यावर त्याच्या नावानं साठलेली जमा मिटवायची, म्हणून ते नावे. खर्च दुसऱ्यांदा पडत नाही.

आता आकडे. मार्च 2024 पर्यंत पाच वर्षांचे 3,00,000. एप्रिल ते सप्टेंबरचे 30,000 आधी धरा, हे बऱ्याचदा राहून जातं. एकूण 3,30,000. पुस्तकी किंमत उरली 2,70,000, हाती आले 2,20,000, तोटा 50,000. विक्रीची नोंद अशी :

बँक खाते नावे 2,20,000
संचित घसारा खाते नावे 3,30,000
वाहन विक्रीवरील तोटा खाते नावे 50,000
वाहन खाते जमा 6,00,000

वाहन खात्यातून पूर्ण सहा लाखच जायला हवेत.

बार्शी रोड : आमच्याकडे नोंद यापेक्षा सोपी आहे. वाहन खाते 2,70,000 नं जमा, बँक आणि तोटा नावे, झालं. संचित घसारा हे खातंच लागत नाही.

कीर्दमास्तर : तुम्ही घसारा थेट वाहन खात्यात जमा करत असाल तर तुमचं बरोबर आहे, कारण तुमच्या खात्यात आधीच 2,70,000 उरलेले असतात. यांच्या वहीत मात्र वाहन अजून सहा लाखांनाच उभं आहे. तिथं 2,70,000 जमा केले तर न राहिलेल्या टेम्पोचे 3,30,000 वाहन खात्यात आणि तेवढेच संचित घसाऱ्यात पडून राहतील. तेरीज जुळेल, ताळेबंदातली निव्वळ रक्कमही बरोबर दिसेल, म्हणून चूक पटकन सापडत नाही. ती सापडते मालमत्ता नोंदवहीशी ताडून पाहिल्यावर, किंवा विकलेल्या गाडीवर मार्चमध्ये पुन्हा घसारा पडल्यावर.

टॉवेलवाली : सहा महिन्यांचे 30,000 धरले नाहीत तर?

कीर्दमास्तर : मग विक्रीचा तोटा 80,000 दिसेल. वर्षाचा एकूण परिणाम तोच, 30 अधिक 50. पण मालकांना वाटेल गाडी फारच स्वस्तात गेली, आणि त्यातले 30,000 तर ती वापरल्याचे आहेत.

होटगीकर : माझी जुनी मोटारसायकल शोरूमला दिली आणि नवीत 18,000 वळते केले. पैसे हातात आलेच नाहीत, तरी विक्रीच का?

कीर्दमास्तर : विक्रीच. बँकेऐवजी ते 18,000 नव्या गाडीच्या किमतीपोटी धरा, आणि नवी गाडी पूर्ण किमतीला नोंदवा, 18,000 वजा करून नव्हे.

बार्शी रोड : पण 50,000 तोटा प्राप्तिकरात मिळत नाही, हे मालकांना सांगा.

कीर्दमास्तर : प्राप्तिकरात एकाच घसारा-दराच्या मालमत्ता एका गटात धरतात. टेम्पोच्या गटात दुसरी वाहनं असतील तर तुमचं खरं आहे. तिथं विक्रीची रक्कम गटातून वजा होते, एकेका गाडीचा तोटा निघत नाही. म्हणून विवरणपत्रात हा तोटा नफ्यात पुन्हा जोडतात. वहीतली नोंद त्यामुळे बदलत नाही.

टॉवेलवाली : आमचा दुसरा टेम्पो आहे. आणि ‘निर्लेखित’चं?

कीर्दमास्तर : काहीच मिळण्यासारखं नाही म्हणून वहीतून उडवलं तर निर्लेखन. इथं गिऱ्हाईकानं पैसे मोजलेत. ‘टेम्पो विकला, त्याची मूळ किंमत व संचित घसारा खात्यांतून कमी केला’ असं लिहा.

बार्शी रोड : ‘कमी केला’ म्हटलं की थोडा उरला असं वाटतं. ‘काढून टाकला’ लिहा.

कीर्दमास्तर : मला ते बोलीतलं वाटतं. वाहन खात्यात दुसऱ्या टेम्पोची रक्कम उरणारच आहे, म्हणून ‘कमी’.

टॉवेलवाली : मालकांसाठी मी ‘काढून टाकला’च लिहिते, त्यांना ते लगेच कळेल. ‘घसारा निधी’ मात्र खोडते.