शब्दचर्चा: 'रॉक संपला' म्हणतात तो नक्की कुठला रॉक?

कॉलेजरोडकर
मंडळी, प्रश्न शब्दाचाच आहे पण जरा लांबण लागेल. परवा आमच्या कट्ट्यावर जाम जुंपली. एक जण म्हणतो रॉक मेला, अमेरिकेच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे बिलबोर्डच्या दर आठवड्याच्या गाण्यांच्या यादीत, वरच्या दहात गिटारवाला बँड दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही, सगळे रॅपर नाहीतर एकटे गाणारे. दुसरा म्हणतो, येडा का खुळा, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईला आले तेव्हा तिकिटांसाठी आपलं अर्धं नाशिक मोबाइलला चिकटून बसलं होतं ते काय होतं मग? तर मला विचारायचंय की 'रॉक' हा शब्द चार्टवाले कशासाठी वापरतात, आपण कशासाठी वापरतो, आणि गिटार बँडांची जागा नेमकी कोणी घेतली. 'पॉपने घेतली' असं उत्तर देऊ नका प्लीज, पॉप म्हणजे पण काहीही होतं.

पंचवटी_पॅसेंजर
जागा डीजेने घेतली, त्यात विचारायचं काय. आमच्या गल्लीत आधी लग्नाला बँड असायचा, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, झगमग ड्रेस, आता एक ट्रक येतो आणि खिडक्या थरथरतात. बँडवाल्यांचे हाल कुत्रं खात नाही.

कॉलेजरोडकर
दादा तो बँड नाही हो 😀 गिटारवाला बँड.

पंचवटी_पॅसेंजर
मग तसं लिहायचं ना वर. पण बघा, गोष्ट तीच निघते की नाही.

रिफमारुती
मी सांगतो. २०१७ ला गाण्यांचा खप मोजणाऱ्या नील्सन कंपनीचे आकडे आले, त्यात अमेरिकेत हिपहॉप आणि आर अँड बी मिळून पहिल्यांदाच रॉकच्या पुढे गेले. विषय संपला. २०१८ ला गिब्सन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, का, तर पोरं गिटारच घेत नाहीत. स्ट्रीमिंगने रॉक खाल्ला, दुःख आहे पण खरं आहे.

जुनी_कॅसेट
रिफमारुती भाऊ, अर्धं बरोबर आहे. २०१७ चं खरंय. पण त्याच आकड्यांत आत शिरून बघितलं तर अल्बम विकत घेणाऱ्यांत रॉक तेव्हाही पुढेच होता, मागे पडला तो स्ट्रीमिंगमध्ये. म्हणजे ऐकणारे दोन प्रकारचे झाले, एक पैसे मोजून अख्खी रेकॉर्ड घरी आणणारा आणि एक दिवसभर फोनवर गाणी फिरवणारा, आणि चार्टमध्ये वजन या दुसऱ्याचं वाढत गेलं.

गिब्सनचं मात्र साफ चुकीचं. गिटारचा धंदा चालू होता, त्या लोकांनी हेडफोन-स्पीकरच्या धंद्यात उडी मारून कर्ज करून ठेवलं होतं, ते अंगाशी आलं. उलट फेंडरचं २०२० साल, लॉकडाऊनमधलं, विक्रीच्या हिशोबात तोवरचं सगळ्यात मोठं ठरलं. म्हणजे गिटार घरोघरी गेली, बँड मात्र वाढले नाहीत.

सातपूरची_ताई
गिटारचा विषय निघालाच आहे तर विचारते, माझा मुलगा आठवीत आहे, वर्षभर क्लास लावलाय, सर सगळी हिंदी सिनेमाची गाणी शिकवतात आणि हा आता इलेक्ट्रिक हवी म्हणून मागे लागलाय. घेऊ का? रॉक संपला असेल तर पैसे वाया नको जायला.

जुनी_कॅसेट
ताई, घ्या की. चार्ट बघून कोणी गिटार घेत नाही. फक्त सोबत अँप लागेल तो लहान घ्या, नाहीतर शेजारी तुम्हालाच बोलतील.

द्राक्षबाग
मूळ प्रश्नाकडे येऊया. चार्टवाल्यांचा 'रॉक' हा प्रकारच मला पटत नाही. इमॅजिन ड्रॅगन्स वर्षानुवर्षं रॉकच्या यादीत वर, आणि गाण्यात गिटार शोधावी लागते. ट्वेंटी वन पायलट्समध्ये तर माणसंच दोन, एक ड्रम आणि एक बाकी सगळं. याला रॉक म्हणायचं तर मग रॅपला का नाही?

जुनी_कॅसेट
हाच कळीचा मुद्दा आहे. बिलबोर्डची हॉट रॉक साँग्स ही यादी २००९ ला सुरू झाली, २०२० मध्ये तिचं नाव बदलून रॉक अँड अल्टरनेटिव्ह केलं. नाव बदललं तेव्हाच समजायचं की त्यांनाही नुसतं 'रॉक' हे नाव पुरत नव्हतं. आता याच्यापुढचं बघा. २०२३ मध्ये झॅक ब्रायनचं केसी मस्ग्रेव्हसबरोबरचं 'आय रिमेंबर एव्हरीथिंग' आलं, ते हॉट १०० मध्ये एक नंबर, कंट्रीच्या यादीत एक नंबर आणि रॉक-अल्टरनेटिव्हच्या यादीतही एक नंबर. एकच गाणं. ऐकलंत तर अकूस्टिक गिटार आणि दोन आवाज. रॉक मेला म्हणणारा ते मोजणारच नाही, आणि यादी तर म्हणते एक नंबरला रॉक आहे. त्यामुळे 'रॉक वाढला की घटला' विचारलं की आधी कुठली यादी ते विचारायचं.

द्राक्षबाग
म्हणजे आपल्या नाशिक ढोलसारखं झालं. केरळात लग्नाला, निवडणुकीला 'नासिक ढोल' म्हणून पथकं वाजतात, वाजवणारा एकही नाशिकचा नसतो. शब्द गावाला गेला, गाव इथंच राहिलं.

कॉलेजरोडकर
हे भारी. पण मग जागा कोणी घेतली ते राहिलंच. नुसतं हिपहॉपने?

जुनी_कॅसेट
नुसत्या हिपहॉपने नाही. माझं मत विचाराल तर एकट्या नावाने घेतली. चार जणांच्या नावाऐवजी एक माणूस, त्याच्यामागे लॅपटॉपवर काम करणारे दोन-चार प्रोड्यूसर, आणि पुढे 'फीचरिंग' लावून आलेला पाहुणा. पाहुण्याचा फायदा हा की दोघांचे ऐकणारे एका गाण्यावर येतात, आणि पाहुण्याने घरी बसून आपल्या आठ ओळी रेकॉर्ड करून पाठवल्या की झालं. बँडला हे जमत नाही, त्यांना चार जणांची वेळ जुळवायची, सरावाची जागा हवी, आणि पैसे आले की चार वाटे. मरून ५ चंच बघा, 'गर्ल्स लाइक यू' अल्बमवर आधी एकट्यानेच होतं, २०१८ मध्ये कार्डी बीला घेऊन परत काढलं आणि तेव्हा ते एक नंबरला गेलं. नावाला बँड, पण चार्टवर चढायला रॅपर लागला.

दुसरं म्हणजे एक माणूस अख्खी यादी भरून टाकू शकतो. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि ब्रिटनच्या वरच्या २० मध्ये त्याची १६ गाणी. सोळा! पूर्वी सिंगल म्हणून जे निघायचं तेच चार्टला लागायचं, आता अल्बममधलं प्रत्येक गाणं लोक फोनवर वाजवतात आणि प्रत्येक वाजणं मोजलं जातं. शेवटी त्यांना नियम करावा लागला की एका गायकाची तीनच गाणी धरायची. शीरन गिटार घेऊनच उभा असतो बरं का, म्हणजे गिटार गेली असंही नाही, मागचे तिघं गेले.

रिफमारुती
ते सगळं ठीक पण शेवटी लोक ऐकत नाहीत म्हणूनच चार्टमध्ये नाही ना?

जुनी_कॅसेट
ऐकतात. नुसती नवी गाणी नाही ऐकत. आणि इथं मोजण्याची गंमत आहे, जरा सावकाश लिहितो कारण हे कोणी सांगत नाही.

किलर्सचं 'मिस्टर ब्राइटसाइड' घ्या. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये १० नंबरपर्यंत गेलं, त्याच्यावर कधी गेलं नाही. पण ते गाणं त्यांच्या टॉप १०० मध्ये मिळून ४०० च्या वर आठवडे राहिलंय. लग्न, कॉलेज, पब, सगळीकडे तेच. २०२४ मध्ये ते कधीही एक नंबरला न गेलेल्या गाण्यांत सगळ्यात जास्त खपलेलं ठरलं, ओएसिसच्या 'वंडरवॉल'ला मागे टाकून. दोन्ही गिटार बँडच आहेत हे लक्षात घ्या.

आता हिशोब. ब्रिटनमध्ये पैसे भरून ऐकणाऱ्याने नवं गाणं १०० वेळा वाजवलं की एक विक्री धरतात. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाण्याला सहसा २०० वेळा वाजावं लागतं. म्हणजे समजा या आठवड्यात एक नवं गाणं आणि हे जुनं गाणं, दोन्ही दहा-दहा लाख वेळा वाजली, तर नव्याच्या खात्यात १०,००० आणि जुन्याच्या खात्यात ५,०००. ऐकणारे तेवढेच, चार्टवर अर्धे. नियम रॉकच्या वाईटावर नाही केलेला, हेतू एवढाच की यादीत नवं काहीतरी दिसावं, जुनी गाणी ठाण मांडून बसू नयेत. पण रॉकचा माल बहुतेक जुना, त्यामुळे फटका त्यालाच जास्त. अमेरिकेत वेगळा प्रकार, तिथं गाणं २० आठवडे झाले आणि ५० च्या खाली घसरलं की यादीतून बाहेर, असा वर्षानुवर्षं नियम राहिलाय.

रिफमारुती
म्हणजे तुम्हीच म्हणताय की रॉक म्हणजे जुनी गाणी. मग मी काय वेगळं म्हणत होतो? आजोबांचं घर भाड्याने देऊन कोणी नवं बांधत नाहीये, यालाच संपणं म्हणतात.

जुनी_कॅसेट
इथं तुमचं बरंचसं पटतं मला. फक्त 'संपणं' जरा जास्त होतं. मे २०२५ मध्ये घोस्ट हा मुखवटेवाला स्वीडनचा हार्ड रॉक बँड बिलबोर्डच्या अल्बम यादीत एक नंबरला गेला, त्याच महिन्यात स्लीप टोकनही गेला. पण त्याच आठवड्यांत हॉट १०० चा वरचा भाग बघा, तिथं हे नाहीत. चाहत्यांनी पहिल्याच आठवड्यात विनाइल आणि सीड्या उचलल्या, अल्बम वर गेला, आणि नंतर उतार लागला. जत्रा मोठी भरते, पण रोजचा बाजार नाही.

आडगावचा_अप्पा
मला एक कळत नाही. ग्लास अॅनिमल्सचं 'हीट वेव्ह्ज' २०२२ मध्ये एक नंबरला होतं ना पाच आठवडे? चार जणांचा बँड आहे.

जुनी_कॅसेट
होतं ना, आणि चार्टवर आल्यापासून एक नंबरला पोचायला त्याला ५९ आठवडे लागले, तेवढा उशीर तोपर्यंत कोणालाच लागला नव्हता. रेडिओने उचललं म्हणून चढलं असं नाही, पोरापोरांनी व्हिडिओंखाली लावून लावून वर ढकललं. पण गाणं ऐका, गिटार बँड म्हणून ओळखू येतं का सांगा. पाठीमागे सगळा हिपहॉपच्या चालीचा ठेका आहे.

आडगावचा_अप्पा
मला तर येतं ओळखू.

द्राक्षबाग
मला नाही येत. बघा, दोघांचं ऐकून झालं तरी यादी तीच.

कॉलेजरोडकर
मी कट्ट्यावर असं सांगू का मग, 'रॉक' हा प्रकार म्हणून वेगळा आणि 'गिटार बँड' ही माणसांची मांडणी म्हणून वेगळी, आणि हॉट १०० मधून गेली ती दुसरी?

जुनी_कॅसेट
सांगा. पण कोणी के-पॉपवाल्यांचं नाव काढलं तर तयारी ठेवा, ते सात-सात जण असतात, त्यांना बँड म्हणायचं का ग्रुप यावर रात्र जाईल. २०२१ मध्ये कोल्डप्लेने बीटीएसबरोबर गाणं काढलं आणि ते हॉट १०० मध्ये एक नंबरला गेलं, ते कुणाच्या खात्यात टाकायचं ते मी सोडून दिलंय.

सातपूरची_ताई
अँप लहान म्हणजे किती वॅटचा?

रिफमारुती
ताई, १० वॅट घरात पुरेल. आणि मुलाला सांगा दोन मित्र शोध, एक ड्रमवाला आणि एक बेसवाला. ड्रमवाला मिळणं सगळ्यात अवघड, आमचं तिथंच अडलं होतं.