लँडाऊ पातळ्या आणि ‘डिजनरसी’: मराठी शब्द हवा

मुशाफिर: चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनवर लेख लिहितोय. लँडाऊने १९३० साली दाखवलं की क्षेत्राला काटकोनातल्या प्रतलात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला E = (n + ½)ħω एवढ्याच ऊर्जा मिळतात, ω = eB/m. पण एकेका पातळीत अवस्था अफाट असतात. त्या ‘डिजनरसी’ला काय म्हणू? ‘अपभ्रष्टता’ मला पटत नाही.

केशर: ‘अवनती’. श्वेत बटू ताऱ्यांबद्दल लिहिताना मी ‘अवनत द्रव्य’ असंच लिहिते.

लंबक: तिथे अर्थ वेगळा आहे, ताई. ताऱ्यात इलेक्ट्रॉन इतके दाटतात की खालच्या अवस्था सगळ्या भरून जातात. इथे एकाच ऊर्जेच्या अनेक अवस्था आहेत, मग त्या भरलेल्या असोत की रिकाम्या. मी ‘समऊर्जता’ म्हणेन.

ओंजळ: समऊर्जता आवडला. हायड्रोजनमध्येही सममितीमुळे n² अवस्थांची ऊर्जा सारखी असते. म्हणजे इथेही n बरोबर संख्या वाढत असणार.

लंबक: सममितीचं बरोबर, वाढण्याचं नाही. इथे प्रत्येक पातळीत अवस्था तेवढ्याच. ऊर्जा फिरण्याची असते. वर्तुळाचा मध्य कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. क्षेत्र सगळीकडे सारखं, मग मध्य इथे काय नि तिथे काय! मात्र पुंजयामिकीत मध्याचे x आणि y एकाच वेळी नेमके ठरत नाहीत, म्हणून प्रत्येक अवस्था h/eB एवढं क्षेत्रफळ अडवते. १ टेस्लाला १ चौरस मिलिमीटरच्या नमुन्यात, स्पिन न धरता, एका पातळीत सुमारे २४ कोटी अवस्था बसतात. चुंबक दुप्पट केला की ४८ कोटी.

सायंतारा: मग आमचा प्रयोग का फसला? गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉनचा पातळ थर, द्रव नायट्रोजन, १ टेस्ला. क्षेत्र वाढवत नेलं तरी रोधाच्या आलेखात चढउतार दिसलेच नाहीत.

लंबक: अवस्था कितीही असोत, पातळ्या एकमेकींपासून सुट्या दिसायला हव्यात. या पदार्थात इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान ०.०६७ पट, म्हणून १ टेस्लाला दोन पातळ्यांतलं अंतर साधारण १.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. ७७ केल्विनला kT मात्र ६.६. सगळं पुसलं जातं. द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विनला, ते ०.३६ वर येतं. नमुना पुरेसा स्वच्छ असेल तर चढउतार दिसतील. आलेख 1/B समोर काढा. त्यांच्यातलं अंतर समान आलं तर ते लँडाऊ पातळ्यांचेच.

मुशाफिर: पण अशुद्धींमुळे ऊर्जा जराजरा सरकतात ना? मग ‘सम’ कसं म्हणायचं?

लंबक: काटेकोरपणे नाहीच. पातळी पसरून पट्टा होतो, आणि नमुन्याच्या कडेला तर ऊर्जा वर चढते. पट्टे वेगळे ओळखू येतात तोवर मी समऊर्जता म्हणतो.

ओंजळ: मी नाही म्हणणार. क्वांटम हॉल परिणामातले सपाट टप्पे त्या पसरलेल्या अवस्थांमध्ये इलेक्ट्रॉन अडकतात म्हणूनच रुंद होतात. तिथे हा शब्द वाचकाला चुकीचं चित्र देईल.

केशर: आणि नुसतं ‘समऊर्जता’ वाचून दोन कणांची ऊर्जा सारखी असं वाटतं. ‘समऊर्जी अवस्था’ असं पूर्ण लिहा. ताऱ्यांसाठी ‘अवनत’ मी सोडणार नाही.