अर्धा-अर्धा वाटा ठीक, पण तो पहिल्याच दिवशी पूर्णपणे हाती पडावा का?

शाल्मली: आम्ही दोघे उद्योजकता अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत आणि लवकरच कंपनी नोंदवणार आहोत. कल्पना माझी आहे, प्रोग्रामिंग मित्र करतो. वाटा अर्धा-अर्धा ठेवावा की साठ-चाळीस, यावर तीन आठवडे वाद चालू आहे. मार्गदर्शक व्हेस्टिंग ठेवायला सांगतात, म्हणजे वाटा एकदम पक्का न होता कामाच्या काळानुसार हळूहळू पक्का व्हावा, पण मित्राला त्यात अविश्वास दिसतो. आम्ही नेमके काय ठरवावे?

विनायक: मी संस्थापकांचे करार तयार करण्याचे काम करतो. माझ्या मते तुम्ही तीन आठवडे ज्या प्रश्नावर घालवलेत तो दुय्यम आहे. कल्पना ही आजवर झालेली गोष्ट आहे, तर वाटा पुढच्या कित्येक वर्षांच्या कामासाठी दिला जातो. त्यामुळे दोघे पूर्णवेळ येणार असाल तर अर्धा-अर्धा वाटा मला चुकीचा वाटत नाही. खरा प्रश्न असा की दोघांपैकी एक जण मध्येच निघून गेला तर त्याच्या वाट्याचे काय होणार. समजा प्रत्येकाला 4,80,000 समभाग दिले आणि व्हेस्टिंग चार वर्षांचे, पहिल्या वर्षाच्या क्लिफसह ठेवले. बारा महिने पूर्ण होण्याआधी जो जाईल त्याच्याकडे काहीच राहत नाही. बारावा महिना पूर्ण होताच 1,20,000 समभाग एकदम पक्के होतात आणि त्यानंतर दरमहा 10,000. तुमचा मित्र चौदाव्या महिन्याच्या अखेरीस दुसरीकडे नोकरीला गेला, तर 1,40,000 समभाग त्याचेच राहतील आणि उरलेले 3,40,000 त्याने ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला कंपनी परत घेऊ शकेल. व्हेस्टिंग नसेल तर तो चौदा महिन्यांच्या कामावर अर्ध्या कंपनीचा मालक राहील आणि पुढची सगळी वर्षे तुम्ही त्याच्या अर्ध्या हिश्श्यासाठीही राबत असाल. हाच नियम तुम्हालाही लागू असतो, हे मित्राला आवर्जून सांगा.

हर्षद: विनायक यांच्याशी सहमत आहे. दर महिन्याला 10,000 समभाग मिळत जातात, म्हणून चौदा महिन्यांनी मित्राकडे कंपनीचा 14.58 टक्के वाटा असेल. एवढा वाटा बाहेर गेला तरी पुढच्या गुंतवणूकदाराला फारसा खटकणार नाही.

विनायक: यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतील. समभाग दरमहा मिळत जातात हे कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या समभाग-खरेदीच्या पर्यायांच्या बाबतीत साधारण बरोबर आहे. संस्थापकाला मात्र बहुधा सगळे समभाग पहिल्याच दिवशी मिळतात आणि परत घेण्याचा कंपनीचा हक्क दरमहा आकसत जातो. म्हणूनच पक्के न झालेल्या समभागांवरही तो सहसा मतदान करू शकतो. दुसरी दुरुस्ती टक्केवारीची. परत घेतलेले 3,40,000 समभाग रद्द झाले तर कंपनीत एकूण 6,20,000 उरतात आणि त्यांपैकी 1,40,000 म्हणजे 22.58 टक्के होतात. तुमचे 14.58 टक्के तेव्हा खरे ठरतात, जेव्हा तेच समभाग नव्या सहसंस्थापकाला दिले जातात किंवा मागे राहिलेला संस्थापक ते विकत घेतो. काही देशांत कंपनीने स्वतःचेच समभाग परत घेण्यावर निर्बंध असतात आणि तिथे दुसरा मार्गच पत्करावा लागतो. करारात यांपैकी कोणता मार्ग लिहिला आहे ते पाहिल्याशिवाय टक्के सांगता येत नाहीत. शिवाय हा हक्क अनेक करारांत ठरावीक मुदतीत लेखी सूचना देऊन वापरावा लागतो. भांडणाच्या गडबडीत ती मुदत उलटून गेली, तर ते समभाग जाणाऱ्याकडेच राहतात.

मेधा: माझा विरोध व्हेस्टिंगला नाही, ते सरसकट निर्दोष म्हणून मांडले जाण्याला आहे. वरच्या सगळ्या उदाहरणांत माणूस स्वतःहून जातो. अकराव्या महिन्यात दुसऱ्याने त्याला काढून टाकले तर काय? क्लिफमुळे त्याचा वाटा शून्य, आणि काढणाऱ्याचा वाटा शंभर टक्के. शाल्मली साठ टक्के घेऊन संचालक मंडळावर वरचष्मा ठेवणार असेल, तर मित्राला वाटणारी भीती अविश्वास नसून सावधपणा आहे. आणि अर्धा-अर्धा ठेवला तर मतभेदाच्या दिवशी कोणाचाच निर्णय होणार नाही, तो प्रश्न व्हेस्टिंगने सुटत नाही.

प्रदीप: आमच्याकडे तिघांत मी एकट्याने सुरुवातीचे सगळे पैसे घातले होते, म्हणून सत्तर टक्के मागितले आणि मिळालेही. तेव्हा शाल्मली यांनी आधी कोण किती पैसे घालणार ते पाहावे. मला मात्र त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. आमचा प्रोग्रामर सहा महिन्यांत गेला, त्याचे समभाग क्लिफमुळे परतही आले, पण कंपनी नोंदवण्याआधी लिहिलेला कोड त्याने कंपनीच्या नावे कधीच करून दिला नव्हता. गुंतवणूकदाराच्या वकिलाने पहिल्याच बैठकीत ते विचारले आणि बोलणी तिथेच थांबली.

विनायक: प्रदीप, शाल्मली यांनी पैशांबद्दल विचारलेले नाही, तरीही सांगतो की संस्थापकाने घातलेले पैसे कर्ज म्हणून किंवा वेगळ्या गुंतवणुकीप्रमाणे नोंदवणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण पैसे एकदाच दिले जातात आणि काम वर्षानुवर्षे चालते. तुमच्या कोडचा अनुभव मात्र तिने लक्षात ठेवलाच पाहिजे. नोंदणीच्या दिवशी, समभाग घेतानाच, दोघांनी आतापर्यंतचा कोड, आराखडे, नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता कंपनीला लेखी हस्तांतरित करावेत. माणूस निघून गेल्यावर ती सही मिळवणे फार अवघड जाते.

मेधा यांचा आक्षेप मला मान्य आहे. त्यावरचा उपाय म्हणजे जाण्याच्या कारणांत फरक करणे. गैरवर्तन सिद्ध न होता काढले गेले, तर क्लिफ लागू होऊ नये आणि केलेल्या महिन्यांचे समभाग पक्के धरावेत. वरच्या आकड्यांत अकरा महिन्यांचे 1,10,000. गैरवर्तन म्हणजे काय याची व्याख्या अगोदर आणि नेमकी लिहावी, कारण सैल शब्दांचा अर्थ नंतर बलवान बाजू लावते. समान मतांच्या कोंडीसाठी काही जण तिसरा, दोघांना मान्य असलेला संचालक नेमतात, तर काही जण उत्पादनाचा अंतिम शब्द एकाचा आणि आर्थिक बाबींत दुसऱ्याचा, अशी विभागणी करतात.

मेधा: तिसरा संचालक दोघा विद्यार्थ्यांना बहुधा त्यांचा मार्गदर्शकच मिळणार, आणि तो एकाच्या जवळचा असला तर कोंडी सुटूनही अन्याय होईल. अधिकारांची विभागणी मला बरी वाटते, पण एखादा निर्णय उत्पादनाचा की पैशांचा यावरच वाद झाला तर पुन्हा तेच. समान वाट्याच्या घाईबद्दलही सांगावेसे वाटते. 2000 साली मोटारी वाटून वापरू देणारी झिपकार ही कंपनी सुरू करताना रॉबिन चेस आणि आंत्ये डॅनियलसन यांनी हस्तांदोलन करून अर्धा-अर्धा वाटा ठरवला. पुढे चेस पूर्णवेळ कामाला लागल्या आणि डॅनियलसन यांनी आपली आधीची नोकरी सोडली नाही. वाटा समान आणि वेळ असमान, हे शाल्मलीच्या बाबतीत होणार आहे का, ते कुणी विचारलेच नाही.

शाल्मली: ते खरे आहे. मित्राला पहिले सहा महिने शिकवणीचे काम सोडता येणार नाही, आणि हे मी सुरुवातीला लिहिले नव्हते. आज आम्ही असे ठरवले की वाटा समान, चार वर्षांचे व्हेस्टिंग दोघांनाही, मात्र त्याच्या महिन्यांची मोजणी तो पूर्णवेळ येईल त्या दिवसापासून. कोडचे हस्तांतरण नोंदणीच्याच दिवशी करायला तो लगेच तयार झाला. आधीच्या सहा महिन्यांच्या अर्धवेळ कामाचे त्याला काय द्यायचे, यावर मात्र आमचे अजून जमलेले नाही.

विनायक: त्या सहा महिन्यांसाठी पाच हजार समभागांचा मासिक दर धरला, तर 30,000 समभाग आधीच पक्के मानता येतील आणि उरलेले 4,50,000 पूर्णवेळ येण्याच्या दिवसापासून चार वर्षांत वाटता येतील. दर खरोखर अर्धा असावा का, हे तो आठवड्याला किती तास देतो ते पाहून तुम्हा दोघांनाच ठरवावे लागेल.