मदत हवी आहे: स्मार्ट स्पीकर हॉलमध्ये चालतो, स्वयंपाकघरात नेला की रुसतो

गोदाकाठ:
आईसाठी स्मार्ट स्पीकर घेतलाय. तिला सकाळी पोळ्या लाटताना अभंग ऐकायचे असतात. घर नाशिकमधलं जुनं, मधल्या भिंती दीड-दीड फुटांच्या. राउटर पुढच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघर पार मागे.

हॉलमध्येच बसून अ‍ॅपवरून सेटअप केला. अ‍ॅपने `Wada` आणि `Wada_5G` अशी दोन नावं दाखवली. 5G वेगवान म्हणून तेच निवडलं आणि पहिल्या फटक्यात जमलं. पण स्पीकर स्वयंपाकघरात ठेवला की दोन ओळी म्हणून गप्प, नाहीतर "इंटरनेटशी संपर्क होत नाही" म्हणतो. आता `Wada` वर टाकायचा प्रयत्न करतेय, तर अ‍ॅप "जोडत आहे" वर गोल गोल फिरतं आणि शेवटी अपयशी. तीनदा रीसेट केला. पासवर्ड बरोबर आहे, त्याच नावावर माझा लॅपटॉप चालतो.

मिसळप्रेमी:
फोन 5G आहे का? माझा 4G आहे म्हणून मी ते नाव कधी निवडतच नाही. शिवाय फोन आणि स्पीकर एकाच बँडवर लागतात. फोन 5G नावावर आणि स्पीकर दुसऱ्यावर, असं असेल तर अ‍ॅपला स्पीकर सापडणार नाही.

तारवाला:
मिसळप्रेमी, राउटरच्या नावातला 5G म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या 5G चा त्याच्याशी संबंध नाही. तुमचा 4G फोनही बहुतेक ते नाव पकडेल, बघा लावून. दुसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे. दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, बँड वेगळा चालतो. एकाच राउटरची दोन नावं आतून सहसा एकच घर असतात. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय मात्र मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, तिथे स्पीकर टाकला तर फोनला तो दिसत नाही.

गोदाकाठताई, ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीत लवकर दम तोडतं, २.४ त्या मानाने पलीकडे पोचतं. आणि गाण्याला वेग लागतो किती? चांगल्या दर्जाचं गाणं साधारण ३२० केबीपीएसमध्ये वाजतं, म्हणजे एका एमबीपीएसचा तिसरा हिस्सा. त्यामुळे `Wada` हेच तुमच्यासाठी योग्य.

आता एक आठवून सांगा. सेटअपच्या मध्येच फोनवर काही सूचना येते का?

सुमनआजी_ठाणे:
माझ्याही स्पीकरचं असंच. नातवाने दिलाय, रोज फोनच्या ब्लूटूथमध्ये जाऊन जोडावा लागतो. याला पासवर्ड कुठे टाकायचा?

तारवाला:
आजी, तुमचा बहुधा नुसता ब्लूटूथ स्पीकर आहे. त्याला वायफाय लागतच नाही, म्हणून पासवर्डही नाही.

गोदाकाठ:
हो, येते! "या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?" मी दर वेळी "नाही" दाबते. इंटरनेट नसलेलं वायफाय कशाला ठेवायचं?

तारवाला:
सापडलं. तुमच्या स्पीकरची सेटअपची पद्धत अशी दिसते: तो थोडा वेळ स्वतःचंच छोटं वायफाय सोडतो, फोन त्याला जोडला जातो आणि त्याच वाटेने अ‍ॅप तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड स्पीकरला देतं. त्या छोट्या वायफायला इंटरनेट नसणारच. तुम्ही "नाही" म्हटलंत की फोन मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पासवर्ड वाटेतच राहतो. पहिल्या वेळी कदाचित ती सूचना यायच्या आत काम उरकलं असेल.

मोबाइल डेटा बंद करा, अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या (अँड्रॉइडवर ती नसेल तर बऱ्याचदा आसपासची वायफायच दिसत नाहीत), सूचनेला "हो" म्हणा. आणि सेटअप स्वयंपाकघरातच करा. अ‍ॅपच्या यादीत `Wada` दिसतं का, हे तिथेच कळेल.

पुणेरी_पाटी:
माझ्या राउटरला दोन्ही बँडचं एकच नाव आहे. मग निवडायचं कसं?

तारवाला:
अ‍ॅपमधून नाही निवडता येत, कुठला बँड ते राउटर आणि स्पीकर आपसात ठरवतात. फारच अडलं तर राउटरच्या पानावर (बऱ्याच राउटरला `192.168.1.1`, पत्ता खालच्या स्टिकरवर असतो) दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ती सोय बंद ठेवलेली असते, तिथे इलाज नाही.

गोदाकाठ:
झालं! डेटा बंद, "हो" दाबलं, दोन मिनिटांत `Wada` वर. आज पूर्ण हरिपाठ झाला, आई खूश.

पण नवीनच भानगड. दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की आवाज तुटतो, बंद केला की पुन्हा सुरळीत. स्पीकर त्याच्याच डोक्यावर ठेवलाय.

तारवाला:
मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, तुमच्या वायफायच्याच गल्लीत, आणि थोडी गळती असतेच. आधी स्पीकर दोन-तीन मीटर लांब ठेवा. तरी तुटलं तर राउटरमध्ये २.४ चा चॅनल "ऑटो"वरून १ वर करून पाहा. बऱ्याच वेळा फरक पडतो, पण तुमच्या मायक्रोवेव्हची खात्री मी देणार नाही.

मिसळप्रेमी:
दूध गॅसवर तापवा की.

गोदाकाठ:
ते आईला तुम्हीच सांगा. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला फळी आहे, पण तिथे प्लग नाही. उद्या एक्स्टेन्शन आणते, मग कळवते.