शांतता मुळात नव्हतीच
"साध्या वाक्यात लिहिलं तर फक्त सजावट जाते, अर्थ तोच राहतो ना?"

नाही राहत. भाचीनं वहीत लिहिलं होतं, 'रंकाळ्यावर संध्याकाळ पाय सोडून बसली होती.' शिकवणीत ते सोपं करून मिळालं: 'संध्याकाळी रंकाळ्यावर शांतता होती.' मूळ वाक्यात संध्याकाळ कर्ता आहे, सोप्यात ती नुसती वेळ सांगणारं क्रियाविशेषण झाली. आणि शांतता तर मुळात नव्हतीच! पाय सोडून बसतं ते दिवसभराचं काम आवरलेलं, उठायची घाई नसलेलं माणूस. भेळेच्या गाड्यांभोवती गलका चालू असला तरी तसं बसता येतं की.

मी 'संध्याकाळ सावकाश सरत होती' असंही करून पाहिलं. संथपणा आला, कर्ताही परत आला, पण काम आवरल्याचा निवांतपणा गेला. शिवाय मूळची संध्याकाळ बसलेली, माझी निघालेली.