फिरत्या वाचनालयाचा फेब्रुवारीचा तक्ता

अ-२०२ : सर्वांना नमस्कार. हरसूलजवळच्या दोन पाड्यांवर आपण महिन्यातून दोनदा पुस्तकांच्या पेट्या नेतो, त्या कामाच्या फेब्रुवारी २०२६ च्या पोस्टचा तक्ता मी आज तयार केला आहे. तक्ता करताना आधी तारखा भरल्या नाहीत, आधी तास मोजले. आपण तिघे मिळून आठवड्याला जेमतेम चार तास देऊ शकतो. फोटो निवडणे, मजकूर लिहिणे, दुसऱ्याने तो वाचून पाहणे आणि पोस्ट टाकणे यांत एका पोस्टला साधारण दीड तास जातो. म्हणजे आठवड्याला दोनच पोस्ट होतील आणि उरलेला एक तास लोकांच्या चौकशांना उत्तरे देण्यासाठी राहील. मंगळवार आणि शुक्रवार धरले, तर महिन्याच्या आठ पोस्ट होतात.

क-१०४ : काकू, महिन्यात आठच पोस्ट टाकल्या तर लोक आपल्याला विसरणार नाहीत का? ऑक्टोबरमध्ये आपण रोज एक पोस्ट ठरवली होती.

अ-२०२ : ठरवली होती, पण बाराव्या दिवशी ती थांबली आणि पुढे रकाने भरण्यासाठी आपण सुविचारांची चित्रे पाठवू लागलो. त्याच आठवड्यात एका बाईंनी "पुस्तके कुठे आणून देऊ?" असे विचारले होते आणि त्यांना चार दिवस कोणीच उत्तर दिले नाही, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. त्यामुळे या वेळी उत्तर देण्याचा तास आधी राखून ठेवला आणि मग पोस्ट मोजल्या.

महिनाभरात मागणी एकच करायची आहे : सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी गोष्टींची साठ पुस्तके. ती २२ तारखेच्या फेरीत न्यायची असल्याने तक्ता तिथून मागे मोजत आणला आहे. २१ ला संकलन संपेल, म्हणून २० ला शेवटची आठवण, १७ ला कोणती पुस्तके चालतात आणि कोणती नकोत याची माहिती (जुनी क्रमिक पुस्तके दर वेळी येतात, ती नकोत हे स्पष्ट लिहावेच लागते), आणि १३ ला पहिले आवाहन. त्याआधीच्या ३, ६ आणि १० या तारखांना काहीच मागायचे नाही, फक्त काम दाखवायचे. २४ ला किती पुस्तके आली आणि कुठे गेली याचा हिशेब द्यायचा, आणि २७ ला मुलांनी त्यांतले काय वाचले ते सांगायचे.

ब-३०१ : ताई, महाशिवरात्र आणि शिवजयंती तक्त्यात दिसत नाहीत. शुभेच्छा द्यायला नकोत का?

अ-२०२ : भाऊ, त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडत असतो, त्यात आपला दीड तास वाहून जाईल. २७ फेब्रुवारी मात्र ठेवली आहे, कारण मराठी भाषा गौरव दिन हा आपल्याच नाशिकच्या कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आहे आणि पुस्तकांच्या कामाशी त्याचे थेट नाते आहे. महाशिवरात्रीचा विचार वेगळ्या कारणाने केला : ती १५ तारखेला, रविवारी आहे आणि हरसूलचा रस्ता त्र्यंबकेश्वरवरून जातो. त्या गर्दीत पेट्या नेणे जमणार नाही, म्हणून फेऱ्या ८ आणि २२ ला घेतल्या आहेत.

क-१०४ : फेरीनंतरच्या पोस्टचे साहित्य वेळेत कसे मिळेल? मागे फोटो आठ-आठ दिवस माझ्याच फोनमध्ये पडून राहिले होते.

अ-२०२ : दादा, फेरीवरून परतल्यावर रविवारी रात्री नऊपर्यंत तीन फोटो आणि काय घडले ते सांगणारा एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा, एवढेच तुमच्याकडे. लिहिण्याचे काम मी सोमवारी करीन. नऊपर्यंत काही आले नाही, तर मंगळवारी राखीव पोस्ट जाईल. कोणत्याही दिवशी चालतील अशा दोन पोस्ट मी २५ जानेवारीलाच लिहून ठेवणार आहे. राखीव दोन्ही पोस्ट पहिल्या पंधरवड्यातच संपल्या, तर पुढच्या महिन्यात आठवड्याला एकच पोस्ट ठेवायची, कारण आपण तास जास्त धरले होते असाच त्याचा अर्थ होईल.

फोटोंबाबत एक आग्रह आहे. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे घ्यायचे नाहीत, आणि होकार मिळाला तरी चेहरा, नाव व पाड्याचे नाव एकत्र द्यायचे नाही. चेहऱ्याशिवायही पुष्कळ सांगता येते. मागच्या खेपेस एका मुलीने पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने गोष्टीचा पुढचा भाग लिहून ठेवला होता, सात ओळी, आणि खाली "पुढचे नंतर" असे. ६ तारखेला फक्त त्या पानाचा फोटो जाईल.

ब-३०१ : मजकूर वाचून पाहण्याचे काम माझ्याकडे द्या, सोमवारी आणि गुरुवारी रात्री मी मोकळा असतो. पुस्तके १३ ते २१ दरम्यान मीटर खोलीशेजारच्या कपाटात ठेवता येतील, किल्ली माझ्याकडेच आहे.

अ-२०२ : मग १३ च्या आवाहनात कपाटाची जागा आणि संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ लिहिते. रोज किती पुस्तके आली ते कपाटातल्या वहीत तारखेनिशी टिपावे, म्हणजे कोणत्या पोस्टनंतर लोक खरोखर खाली उतरून आले ते आपल्याला कळेल.