शंका जास्त म्हणून कंपनी बाद?

चिटणीस_ई_विंग: सोसायटीच्या सॉफ्टवेअरसाठी 'अ', 'ब', 'क' या तीन कंपन्यांचे डेमो कॉलवर झाले. ट्रान्सक्रिप्ट जोडल्यात. त्यावरून एका संध्याकाळी तक्ता केला: सोयी, किंमत, शंका. 'क'वर सर्वात जास्त शंका निघाल्या, म्हणून बाद. पाल्हाळ वाचत बसू नका.

नीलिमा: 'क'चा डेमो शेवटचा होता ना? पहिल्या डेमोला काय विचारायचं हेच कमिटीला कळत नाही. तिसऱ्यापर्यंत सगळे तरबेज होतात. 'अ'ला बॅकअपबद्दल कोणी विचारलंच नाही, म्हणून त्याचा रकाना स्वच्छ! तिन्ही कॉलमधल्या शंकांची एकच यादी करा, तिघांपुढे उत्तरं मांडा. उत्तर नसेल तिथे 'विचारलं नाही' असं लिहा. जागा रिकामी सोडली की लोक 'सोय नाही' असं वाचतात. मग राहिलेले प्रश्न मेलवर पाठवा.

शिवाय 'टॅलीत जातं' याला तुम्ही तिघांनाही खूण केलीत. 'अ'नं स्क्रीनवर करून दाखवलं, 'ब' नुसतं 'हो' म्हणाला, 'क' म्हणाला 'पुढच्या अपडेटला येईल'. हे एकच झालं का? खुणेऐवजी हेच शब्द लिहा, शेजारी कॉलमधलं मिनिट.

चिटणीस_ई_विंग: बाई, कमिटीत पगार मिळत नाही.

खजिनदार_काका: किमतीचं बोला. 'अ' फ्लॅटमागे महिना 15 रुपये, जीएसटी वेगळा. 120 फ्लॅटचे वर्षाला 25,488. 'ब' सगळं धरून 24,000, पण जुना डेटा चढवायचे 6,000 एकदाच. म्हणजे दर तेच राहिले तर चार वर्षांपर्यंत एकूण खर्चात 'अ' स्वस्त, पाचव्यापासून 'ब'. आणि तुमच्या तक्त्यात 'क' म्हणे 'फुकट'! ऑनलाइन भरण्यावर एक टक्का सुविधा शुल्क घेतो. सगळ्यांनी महिना 3,000 मेंटेनन्स त्यातून भरला तर वर्षाला 43,200 सभासदांच्या खिशातून.

रोहन_ठाणे: काका, यूपीआयवर जानेवारी 2020 पासून शुल्क नाही. उगाच घाबरवू नका.

खजिनदार_काका: आमच्याकडे निम्मे लोक अजून चेक देतात. एकाचा बाउन्स झाला तेव्हा दंड कोणी भरला, विचारा! शेवटी सोसायटीनं.

रोहन_ठाणे: चेकचा इथे काय संबंध?

नीलिमा: रोहन, 2020 पासून शून्य झाला तो एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून बँक कापते ते शुल्क. ॲपवाल्यानं स्वतःचं शुल्क लावणं वेगळं. कॉलमध्ये 'क' एक टक्का म्हणाला. यूपीआयलाही लागतो का, ते कोणी विचारलं नाही.

वंदना_सी_विंग: आमच्या वॉचमनला ॲप चालवताच येत नाही. पाहुणे गेटवर ताटकळतात. तक्ता कसला करताय?

चिटणीस_ई_विंग: तो प्रश्न तिन्ही डेमोंत विचारायचा राहिला. घ्या, अजून एक 'विचारलं नाही'. खूश?

नीलिमा: एक राहिलं. 'अ'च्या ट्रान्सक्रिप्टमध्ये एकदा 'फिफ्टीन' आहे, एकदा 'फिफ्टी'. पन्नास असेल तर जीएसटीआधीच वर्षाला 72,000. रेकॉर्डिंग ऐका, दर लेखी घ्या.

चिटणीस_ई_विंग: पंधराच म्हणाला तो. बहुतेक.

खजिनदार_काका: 'बहुतेक'वर मी सही करणार नाही.